स्वप्नात आलेला वर्गमित्र

«दहावीनंतर त्याची कधी भेट नाही, आठवणही नाही, आणि परवा पहाटे तो अचानक स्वप्नात आला. याचा अर्थ काय असेल हो?»

समुपदेशनासाठी येणारे हे सांगतात तेव्हा मी आधी एवढेच विचारतो की, स्वप्नात तो किती वर्षांचा होता. बहुतेक वेळा उत्तर येते की, तो शाळेतल्याच वयाचा होता. आपल्याकडे त्याचा नंतरचा चेहराच नसतो, पण जुना मात्र शाबूत असतो. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळा सोडून सुमारे पस्तीस वर्षे झालेल्या लोकांनाही वर्गमित्रांचे दहापैकी जवळपास नऊ चेहरे छायाचित्रांतून ओळखता आले होते. त्यामुळे तो चेहरा सापडला यात नवल नाही; तोच का निवडला गेला, हे पाहण्यासारखे आहे.

माझ्याच एका स्वप्नावरून सांगतो. आमच्या वर्गात शिवाजी पेठेतला एक मुलगा होता, पहाटे तालमीत जोर-बैठका काढून मग शाळेत येणारा. स्वप्नात आम्ही परीक्षेला बसलो होतो. मी आजच्या वयाचा, तो खाकी अर्ध्या चड्डीतला. त्याने कोरा पेपर बाकावर ठेवला, माझ्याकडे पाहून तो मोकळेपणाने हसला आणि निघून गेला. मला त्याचा राग आला नाही, हेवा वाटला.

जाग येताच मी हे लिहून काढले, आणि हेव्याची नोंद मुद्दाम केली, कारण प्रसंग आठवत राहतो पण भावना चहा होईपर्यंत विरते. मग मागचे दिवस तपासले. जागेपणीचे ताजे, बहुधा किरकोळ अनुभव स्वप्नात शिरतात, हे फ्रॉइडने नोंदवले आहे. काही अनुभव पाच ते सात दिवसांनी उमटतात, असेही नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे. मला आदल्याच दिवशी गंगावेशीत अंगाला तांबडी माती लागलेली दोन पोरे दिसली होती. तो मुलगा कोणत्या वाटेने आला, हे त्यावरून कळले. मात्र ती पोरे पाहून मला तालमीतले इतरही कितीतरी जण आठवू शकले असते.

पुढचे पाऊल मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारातून घेतलेले आहे. स्वप्नातला माणूस एका पातळीवर खरोखरीचा तो माणूस असू शकतो, आणि दुसऱ्या पातळीवर तो पाहणाऱ्याच्याच स्वभावातला एखादा भाग असू शकतो, असे युंग मानत असे. ज्याच्याशी आज काहीही देणेघेणे उरलेले नाही, त्याच्या बाबतीत मी दुसरी पातळी आधी तपासतो. त्यासाठी त्या व्यक्तीविषयी जे पहिल्यांदा मनात येईल ते न सजवता बोलायचे. माझ्या तोंडून आले: «त्याला नाही म्हणता यायचे.» मास्तरांनी स्नेहसंमेलनाच्या नाटकात घेतले, तर «सर, मला जमणार नाही» असे सांगून तो शांतपणे खाली बसायचा. उद्धटपणाचा लवलेश नसायचा.

त्या आठवड्यात एका संस्थेचे अध्यक्षपद पुन्हा माझ्याकडे येऊ घातले होते. ते मला नको होते आणि मी तसे कोणालाच सांगितले नव्हते. हेवा कशाचा, हे तिथे उलगडले.

हे जुळले म्हणून ते खरेच ठरले, असे मात्र मी म्हणणार नाही. आपण शोधायला बसलो की काहीतरी जुळतेच. हॉब्सन आणि मॅकार्ली या संशोधकांनी तर १९७७ साली असे मांडले की, झोपेत मेंदूच्या खोल भागातून उठणाऱ्या संकेतांना मेंदू नंतर कथेचे रूप देतो. तसे असेल तर स्वप्नात दडवलेला निरोप शोधणेच चुकीचे ठरते. तरीही कथेसाठी पात्र आपल्याच आठवणींतून येते, म्हणून ते तपासणे मला निरर्थक वाटत नाही. स्वप्नातल्या भावनेचा उलगडा न करणारा अर्थ मी बाजूला ठेवतो, आणि नुसताच सुखावणारा अर्थ पुन्हा तपासतो. स्वप्नात आलेला माणूस आजारी असेल किंवा त्याचे काही बरेवाईट झाले असेल, या भीतीला तर स्वप्नात काहीच आधार नसतो.

कधी मात्र माणूस खरोखर तोच असतो. ज्याच्याशी भांडून बोलणे तुटले, ज्याची माफी मागायची राहिली, त्याला प्रतीक समजून मोकळे होऊ नये. त्याचा नंबर मिळवून फोन करावा. आणि शाळेत ज्याने छळले तोच रात्री-रात्री येऊन झोप मोडत असेल, तर अर्थ लावत न बसता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, कारण वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर उपचार आहेत. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून, बदललेले स्वप्न रोज मनात घोळवण्याचा सराव त्यांपैकीच एक आहे.