खर्च तोच, टँकर उलटे

सकाळी डिस्पॅचचे काका प्लॅनचा कागद घेऊन थेट टेबलाशी आले. "मॅडम, कालपर्यंत ए सेंटरचं दूध पी प्लांटला जात होतं. आज क्यूला पाठवा म्हणताय. एका रात्रीत रस्ता बदलला का?"

ए आणि बी ही आमची दोन चिलिंग सेंटर, पी आणि क्यू हे दोन प्लांट. ही नावं मॉडेलमधली; कुठलं दूध कुठे पाठवलं तर वाहतूक सर्वांत स्वस्त पडेल, हे त्यावरून सॉल्व्हर रोज काढतो. काल ए वर २९ हजार लिटर होतं आणि बी वर २१ हजार. आज ३० आणि २०. प्लांटची मागणी मात्र तीच, प्रत्येकी २५ हजार. एवढ्याशा फरकावर सॉल्व्हरने कालचा पी २५, क्यू ४ हा ए चा वाटा मोडून पी ५, क्यू २५ केला होता. बीचं दूध काल सगळं क्यूला, आज सगळं पीला. ड्रायव्हर, गेटपास, टाक्या, सगळंच हलवावं लागणार.

मॉडेलमध्ये चूक सापडेना. मग दर पाहिले. लिटरमागे ए-पी ९० पैसे, ए-क्यू ११०, बी-पी ६०, बी-क्यू ८०. दोन्ही सेंटरचे रस्ते एकाच फाट्यावर मिळतात आणि तिथून क्यू पीपेक्षा २० पैशांनी महाग. त्यामुळे कोणाचं दूध कुठे गेलं याने एकूण खर्चात काही फरकच पडत नाही. आज ए-पी ५ हजार धरा की २५ हजार, खर्च ४४,००० रुपयेच. सॉल्व्हरच्या उत्तरात बी-क्यू शून्य होता, पण त्याची रिड्यूस्ड कॉस्टही शून्य, म्हणजे त्या मार्गावर लिटरभर दूध वळवलं तरी एकूण खर्च वाढत नाही. दुसरं तितकंच स्वस्त उत्तर असू शकतं, याची ही खूण. समान खर्चाच्या उत्तरांपैकी सॉल्व्हर हाताला लागेल तिथे थांबतो, कालचं त्याला ठाऊक नसतं.

ते सांगायचं कसं? शेजारच्या सहकाऱ्याने सुचवलं, खर्चातच बदलाचा थोडा दंड मिसळ. पण थोडा म्हणजे किती? जास्त झाला तर खर्च वाढतो, फार कमी ठेवला तर सॉल्व्हर ज्या बारीक फरकाकडे दुर्लक्ष करतो त्या टॉलरन्समध्ये गडप. म्हणून दुसरा लिनिअर प्रोग्रॅम लिहिला. जुन्या अटी सगळ्या तशाच, वर खर्चाची एक अट, आणि उद्दिष्ट नवं: कालच्या प्लॅनपासूनचा फरक कमीत कमी.

```
min  Σ (p + n)
x − काल = p − n,   p, n ≥ 0
खर्च ≤ 44000 + 0.01
```

`x` म्हणजे एकेका मार्गावरचं आजचं दूध, `p` म्हणजे वाढ, `n` म्हणजे घट. हे दोन वेगळे ठेवले की निरपेक्ष मूल्याची भानगड सरळ रेषेत बसते. शेवटचा पैसा मुद्दाम सोडलाय. सॉल्व्हरचं ४४,००० दशांशात कुठेतरी हललेलं असतं, नेमकी बरोबरी मागितली तर कधीकधी तो 'infeasible', म्हणजे उत्तरच नाही, म्हणून मोकळा होतो.

उत्तर आलं: ए-पी २५, ए-क्यू ५, बी-क्यू २०. पहिल्या प्लॅनमध्ये चार मार्गांवरचे बदल मिळून ८२ हजार लिटर होते, इथे फक्त २ हजार. काकांनी कागद पाहिला, "हं, हे चालेल," म्हणाले आणि गेले.

ज्या दिवशी स्वस्त उत्तर एकच असतं त्या दिवशी मात्र या दुसऱ्या फेरीला निवडायला काही उरत नाही. मॅनेजरांना तेच सांगितलं. तेव्हापासून त्या अटीत पैशाऐवजी २०० रुपयांची मोकळीक आहे, आणि तो आकडा त्यांनी ठरवलाय.