गिरकी घेताना बूट अडतो तेव्हा

साल्साच्या क्लासचे तीन आठवडे झाले आणि माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकायला लागला. वय चव्वेचाळीस, त्यामुळे घरच्यांनी निदान लगेच केलं. सासूबाई म्हणाल्या, "या वयात गिरक्या घेतल्यावर दुसरं काय होणार?" मीही तेच धरून चालले होते. पण शनिवारी सरांनी मला मध्येच थांबवलं. (सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण क्लासमध्ये सर ते सर.) "ताई, गुडघ्याचं नंतर बघू. आधी बूट उलटा करून दाखवा."

बूट म्हणजे मी रोज सकाळी ठाण्याच्या उपवन तलावाला फेऱ्या मारते तेच स्पोर्ट्‌स शूज. मऊ, महागातले, तळाला खोल नक्षी. सरांनी मला उजव्या चवड्यावर उभं केलं आणि म्हणाले, हळू पाव गिरकी घ्या, नजर गुडघ्यावर ठेवा. मी वळले तर कंबर फिरली, मांडी फिरली, गुडघा फिरला आणि पाऊल मात्र होतं तिथेच, जमिनीला चिकटल्यासारखं. शेवटी बूट एक झटका देऊन सुटला. "हा झटका तुमच्या गुडघ्याने खाल्ला," ते म्हणाले.

सांगितल्यावर सोपं वाटतं. चालताना आपण पाऊल उचलतो आणि पुढे ठेवतो, म्हणून रबराने जमीन घट्ट धरली तर चांगलंच. नाचताना मात्र पाऊल जमिनीवरच असतं आणि अंगाचा भार त्याच्यावर असताना ते फिरवायचं असतं. तिथे रबर पकडून बसलं की वरचं शरीर वळतं, खालचं पाऊल वळत नाही, आणि फरक भरून काढायला मध्ये सापडतो गुडघा. तो वाकायला बनलेला आहे, पिळायला नाही.

मग अगदी गुळगुळीत तळ चालेल का? तर तेही नाही. माझ्या लग्नातल्या सँडल्सना प्लास्टिकचा चकचकीत तळ होता, त्या घालून मी एकदा प्रयत्न केला आणि भिंतीला धरून उभी राहिले. हवा असतो मधला तळ. भार देऊन उभं राहिलं की टिकणारा आणि मुद्दाम वळवलं की सुटणारा. स्वेडचं काम नेमकं हेच. जनावराचं कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरचा गुळगुळीत थर बुटांना आणि पर्सना जातो. खालच्या थराचे तंतू मोकळे असतात, त्यावर बारीक लव येते, तेच स्वेड. ही लव जमिनीला हलकेच धरते आणि जोर लावला की आडवी होऊन सरकू देते.

सरांचं म्हणणं होतं की नवे बूट घेण्याआधी जुन्या बुटाला स्वेड लावून बघा, म्हणजे काय हवंय ते पायालाच कळेल. घरात मुलाचे पांढरे कॅनव्हासचे पीटीचे बूट पडून होते. नववीत गेल्यावर ते त्याला आखूड झाले आणि नेमके माझ्या मापाचे, पाच नंबर. स्वेडचा तुकडा आणायला मी स्लो लोकलने सायनला उतरून धारावीच्या चामड्याच्या दुकानांत गेले. तिथे चामडं चौरस फुटावर मिळतं आणि लहान तुकडा मागितला की दुकानदार तोंड वाकडं करतो. तरी एकाने पेटीच्या तळातून दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तुकडा काढून दिला. नखाने ओढून दाखवलं, नख गेलं तिथे रंग गडद झाला, उलटं ओढलं तसा परत फिका. "हे खरं," तो म्हणाला. ही खूण मला पुढे उपयोगी पडली.

नौपाड्यात बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांना वाटलं मी चुकून उलटी बाजू सांगतेय. "ताई, खरखरीत बाजू बाहेर? महिन्यात काळी होईल." म्हटलं, होऊ दे, हे रस्त्यावर घालायचे नाहीत. त्यांनी आधी रबराची नक्षी घासून सपाट केली, कारण खाचा राहिल्या तर स्वेड मध्येच पोकळ राहतं आणि कडेने सुटतं. मग दोन्हीकडे सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू दिलं. मला घाई झाली होती, पण बोट लावल्यावर ते बोटाला येईनासं झाल्याशिवाय त्यांनी जोडलं नाही. जोडल्यावर हातोडीने मधून कडेकडे ठोकत गेले. मी सुचवलं, नुसतं चवड्याखाली लावू, टाचेला कशाला? काकांनी ताबडतोब नकार दिला. अर्ध्यातच संपवलं तर तिथे पायरी होते आणि पाऊल पुढून उंच बसतं. ते नाचाचे जाणकार नाहीत, पण बुटाचे आहेत.

पुढच्या क्लासला तीच पाव गिरकी घेतली. पाऊल, गुडघा आणि कंबर एकदम वळले, झटका नाही. दोन आठवड्यांत ठणका गेला. माझं दुखणं त्या पिळण्याचंच होतं म्हणून हे झालं. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा बसल्याजागीही दुखत असेल तर बुटाचा नाद सोडून डॉक्टरकडे जावं.

मग मी शेफारले. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिला मंडळाचा कार्यक्रम होता. तिथे व्हिट्रिफाइड टाइल, वर दुपारच्या लग्नाची धूळ. दुसऱ्याच गिरकीला डावा पाय असा निसटला की समोरच्या जोशीकाकूंनी मला काखेत धरलं. दोष टाइलचा असावा असं वाटलं. घरी येऊन बूट उलटा केला तर चवड्याखाली रुपयाएवढा भाग काळा आणि चकचकीत झालेला. धूळ आणि दाब मिळून लव चेपली गेली होती, म्हणजे तिथे स्वेड उरलंच नव्हतं. तारेच्या ब्रशने टाचेकडून चवड्याकडे, एकाच दिशेने, दहा-बारा हात मारले तशी लव परत उभी राहिली. पुढेमागे घासत बसलं तर तंतू तुटतात आणि तळ लवकर पातळ होतो. आता ब्रश माझ्या बॅगेतच असतो. नाचण्याआधी जमीन बघायची, हाताने धूळ पुसून बघायची आणि एक पाऊल भार देऊन आडवं सरकवून बघायचं, ही सवय त्या दिवशी लागली. क्लासमध्ये लाकडी फळ्यांवर जो तळ नीट चालतो तोच व्हिनाइलवर थोडा अडतो आणि टाइलवर घसरतो. सगळ्या जमिनींना चालेल असा तळ काही मला मिळालेला नाही. पकड यावी म्हणून कुणीतरी चवड्याला एरंडेलाचा थेंब लावायला सांगितलं होतं. काही नाचणारे तसं करतात, पण आमच्या क्लासमध्ये मनाई आहे, फळ्यांवर डाग पडून पुढच्याचा पाय अडकतो म्हणून.

आता खऱ्या बुटांची पाळी होती. आधी ऑनलाइन 'स्वेड सोल' लिहिलेली एक जोडी मागवली. आली ती सोनेरी, तीन इंच टाच, फोटोत होती तशीच सुंदर. तळावर नख ओढलं, रंग बदलेना. पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा गोल होऊन तसाच राहिला. खऱ्या स्वेडमध्ये तो मुरतो. तळ कापडासारख्या प्लास्टिकचा होता, परत केली.

टाचेबद्दल मात्र मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी शहाणं केलं. चार वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना डावा घोटा मुरगळला होता, म्हणून मला वाटत होतं की घोट्याला पट्टा असलेला बूट घेतला की झालं. त्यांनी हाडांचा सांगाडा पुढे ओढला. घोट्यातलं एक हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं, आणि ते वरच्या दोन हाडांच्या खोबणीत बसतं. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत असतो, पाचरीसारखा घट्ट. टाच उंचावली की अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा सैल होतो. मुरगळतो तो बहुतेक अशा वेळी, पाऊल आत वळून. "पट्टा पाऊल बुटात धरून ठेवतो," त्या म्हणाल्या. "घोट्याला नाही धरत. घोट्याला धरतात ते पोटरीचे स्नायू आणि तुमची टाच किती उंच आहे ते." मग एका पायावर तीस सेकंद उभं राहायला लावलं. डाव्यावर मी अकराव्या सेकंदाला डुगडुगले. तो व्यायाम आता रोज चहाला आधण ठेवलं की ओट्याशी होतो.

शेवटी मी दुकानात जाऊन घेतले. तेही संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडे फुगतात. दीड इंच टाच, खाली रुंद होत गेलेली. बूट टेबलावर ठेवून बोटाने टाच हलवली, डुगडुगला नाही. दोन्ही टोकं धरून वाकवला तर चवड्याशी वाकला, मधोमध नाही. मधे पोलादाची पट्टी असते, ती नसेल तर कमानीखाली पाऊल खचतं. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबली, कडक निघाली. पट्टा तिसऱ्या भोकात बसला आणि पुढे दोन भोकं शिल्लक होती, कारण चामडं सैलावतं. मी नेहमीचा पाच नंबर मागितला, पण त्यात टाच वरखाली होत होती, म्हणून अर्धा नंबर कमी घेतला. बोटं कडेला टेकतात पण दुमडत नाहीत, एवढं बघितलं. नवं स्वेड पहिले तीन-चार क्लास जास्त पकडतं, म्हणून तेवढे दिवस गिरक्या अर्ध्याच घेतल्या.

एक गोष्ट राहिली होती, ती जुलैत पावसाने शिकवली. भिजलेली छत्री आणि बूट एकाच बॅगेत दोन दिवस राहिले. उघडले तर पट्ट्यावर हिरवट बुरशी आणि तळ वाळून पापडासारखा कडक. बुरशी कोरड्या ब्रशने काढली, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले, उन्हात नाही. लव उभी करायला आठवडाभर रोज थोडं घासावं लागलं. आता बूट सुती पिशवीत, त्यात औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि पाऊस असेल त्या दिवशी क्लासच्या दारातच बदलायचे.

मागच्या महिन्यात पीटीच्या बुटाचं स्वेड कडेने सुटलं, म्हणून नौपाड्याला गेले. काकांनी तळावरून अंगठा फिरवला, काळा डाग बघून हसले. "म्हटलं होतं ना, काळी होईल." मग सोल्युशनचा डबा उघडत विचारलं, "डावीकडे जास्त झिजलाय, ताई. गिरकी एकाच बाजूने घेता का?"