शंभर हर्ट्‌झची रेघ

विभागप्रमुखपद स्वीकारायचं का, याचं उत्तर सरांना शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. ते ठरलं बुधवारी दुपारी, एका पाण्याच्या पंपाच्या मोटरपाशी.

मी यंत्रांच्या कंपनांचं विश्लेषण करते. बेअरिंगवर सेन्सर लावायचा, सेकंदाला किती वेळा होणारं कंपन किती जोराचं आहे याचा आलेख काढायचा आणि आत काय बिघडलंय ते यंत्र न उघडता सांगायचं, हे माझं काम. बारा वर्षं तेच करते आहे. मधे सर सहा आठवडे रजेवर होते, तेव्हा त्यांचं काम मी पाहिलं. बैठका, सुट्ट्यांचे अर्ज, खर्चाच्या मंजुऱ्या. लोकांशी माझं चांगलं जमलं, म्हणूनच सरांनी पुढे मला विचारलं असावं.

बुधवारी ज्या मोटरपाशी गेले, तिचं कंपन सेकंदाला ६.८ मिलिमीटरवर पोचलं होतं. तिची जुनी फाइल काढली. गेल्या काही आठवड्यांत मोटर आणि पंप एका रेषेत आणणारी अलाइनमेंट दोनदा झाली होती, त्या दोघांना जोडणारं कपलिंग एकदा बदललं होतं, तरी दुखणं तिथेच. निदानाच्या अहवालात लिहिलं होतं, ‘फेऱ्यांच्या चौपटीवर उंच रेघ, कपलिंगचा दोष’. खाली मंजुरीची सही माझी होती. त्या सहा आठवड्यांतली. आलेख उघडून पाहिल्याचं मला आठवेना, कारण मी तो पाहिलाच नव्हता.

मोटर मिनिटाला १४८० फेरे घेत होती. म्हणजे सेकंदाला २४.७, आणि त्याची चौपट ९८.७ हर्ट्‌झ. वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असतो आणि मोटरमधली चुंबकीय ओढ त्याच्या दुपटीनं बदलते, म्हणजे १००. या दोन आकड्यांत जेमतेम १.३ हर्ट्‌झचं अंतर. जुना आलेख अडीच हर्ट्‌झच्या टप्प्यांनी घेतलेला होता, त्यात दोन्ही एकाच रेघेत मिसळून जाणार. मी बारीक टप्प्यांनी पुन्हा मोजलं. रेघ बरोबर शंभरावर आली.

खात्रीसाठी आलेख चालू ठेवून ऑपरेटरला वीज तोडायला सांगितलं. दोष यांत्रिक असता तर मोटर मंदावेल तशी रेघही हळूहळू उतरली असती. ही रेघ वीज तुटताक्षणी नाहीशी झाली, मोटर अजून जवळजवळ पूर्ण वेगानं फिरत असताना. म्हणजे ओढ चुंबकाची होती. आतला फिरता रोटर आणि स्थिर स्टेटर यांच्यामधली फट सगळीकडे सारखी नव्हती.

ती असमान का झाली? मोटर पूर्ण थांबल्यावर पुरवठ्याला कुलूप लावलं, प्रत्येक पायाशी बारीक हालचाल मोजणारा डायल गेज बसवला आणि फिटरनं एकेक बोल्ट सैल केला. तीन पाय जागचे हलले नाहीत. चौथा ०.२२ मिलिमीटर वर आला. आम्ही ०.०५ च्या वर गेलं की दुरुस्त करतो. तो पाय बैठकीवर टेकतच नव्हता आणि बोल्ट आवळला की सगळी मोटर पिळली जात होती. दोन्ही अलाइनमेंट त्या पिळलेल्या मोटरवरच झाल्या होत्या. पायाखाली शिमची पातळ पट्टी घातली, अलाइनमेंट नव्यानं केली, मोटर चालू केली. कंपन १.९.

दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेले. शुक्रवारपर्यंत थांबले नाही, कारण त्यांना दुसरा माणूस शोधायचा होता.

“सर, तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, त्याचं मला खरंच मोल आहे. रजेवर जाताना अख्खा विभाग माझ्या हाती दिलात आणि एकदाही फोन करून तपासलं नाहीत, हे मी विसरणार नाही. पण हे पद मला नको.”

“आत्ता नको, की कधीच नको?”

हाच प्रश्न अवघड होता. ‘पुढे बघू’ म्हणणं सोपं होतं, पण मग त्यांनी ती जागा माझ्यासाठी अडवून ठेवली असती. “कधीच नको,” मी म्हणाले. ‘मला जमणार नाही’ असंही म्हणाले नाही. तसं म्हणणं म्हणजे त्यांची पारख चुकली म्हणण्यासारखं, आणि ते खरंही नव्हतं. मी फाइल त्यांच्यासमोर ठेवली आणि माझी सही दाखवली.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “पगाराची पायरी इथे थांबेल, माहीत आहे ना? आणि उद्या तुमच्यापेक्षा लहान कुणी तुमचा प्रमुख होईल.”

“माहीत आहे.” त्यातली पगाराची गोष्ट मला लागते, आजही. म्हणून तज्ज्ञांसाठी वेगळी वेतनश्रेणी मागायची विनंती मी तिथेच केली. ते वर लिहितो म्हणाले; अजून उत्तर आलेलं नाही. बदल्यात एक जबाबदारी मी आपणहून मागून घेतली, दोन नव्या मुलांना शिकवण्याची. निदान मंजुरीला जाण्याआधी त्यांनी आलेख माझ्याकडे आणायचा आणि आम्ही तो एकत्र पाहायचा.

नवे प्रमुख माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत. पहिल्याच आठवड्यात एक अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “ताई, सही करण्याआधी ही रेघ जरा समजावून सांगाल?”