१४० चा आकडा आणि घड्याळ

गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यात माझी साखर ११८ आली होती. त्यामुळे सव्विसाव्या आठवड्यात डॉक्टर मॅडमनी पुन्हा तीच तपासणी लिहून दिल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एकदा नॉर्मल आली ना, मग परत कशाला गं रक्त काढायचं?" मलाही तसंच वाटत होतं.

मॅडमनी नीट समजावलं. सुरुवातीच्या तपासणीत कळते ती बहुतेक आधीपासूनच असलेली साखर. पुढे गर्भाशयातली वार वाढते तशी तिच्यातली संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम कमी करत जातात. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं आणि ते कमी पडलं की साखर चढते. म्हणून २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा बघायचं. तपासणी फार लवकर केली तर ही चढलेली साखर सापडत नाही, फार उशिरा केली तर उपचाराला वेळ उरत नाही.

ठाण्यात घराजवळच्या लॅबमध्ये गेले. ही तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही, त्यामुळे पोहे खाऊन गेले होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात ढवळून दिलं. घशाला चिकटणारं ते गोड पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचं होतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा, म्हणून खुर्चीत हलायचीसुद्धा भीती वाटत होती. तासाभराने नाव पुकारलं, रक्त काढलं, मी घरी आले.

रिपोर्टमध्ये १६८. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त किती वाजता काढलं?" पिऊन झालं ११ ला, रक्त १२ ला. चूक तिथेच होती. एका तासाने रक्त घेतात ती ५० ग्रॅमची ग्लुकोज चॅलेंज टेस्ट. तिथे १४० किंवा वर आलं, तर फक्त संशय असतो आणि पुढे उपाशीपोटी तीन तासांची तपासणी करावी लागते. (काही ठिकाणी ही सीमा १३० धरतात.) आपल्याकडच्या ७५ ग्रॅमच्या तपासणीत मात्र दोन तासांनी रक्त घेतात आणि १४० किंवा त्यावर आलं की तेच गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान. माझा आकडा ७५ ग्रॅमचा, पण एका तासाचा. दोन्हीपैकी कुठल्याच सीमेशी तो ताडता येत नव्हता.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी ग्लास खाली ठेवल्याची वेळ तळहातावर पेनाने लिहिली आणि लॅबमधल्या ताईंना दाखवली. दोन तासांनी साखर आली १४८. म्हणजे गरोदरपणातला मधुमेह होताच.

मॅडमनी दोन आठवडे आहार बांधून दिला: भात निम्मा, उसळ जास्त, जेवणानंतर चालणं. मग जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत हवी होती, ती ११२ आली. इन्सुलिन लागलं नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी आहे, त्याची तारीख सासूबाईंनीच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.