खानापूरची साखळी लांब निघाली आणि दाजींचा हप्ता गायब झाला

मागच्या वेळी लिहिलं होतं की भिशीची वही ठेवणारे तिन्ही रास्पबेरी पाय संगणक महिनाभर एकमतानं चालल्यात, आता फक्त पडदा नीट करायचा राहिलाय. ते वाक्य मागे घेतो. गेल्या शनिवारी सकाळी निपाणीहून दाजींचा फोन आला, "अरे, काल रात्री मी भिशीचे 2,000 भरल्याची नोंद घातलेली, ती दिसंना की." मी बेळगावात चहा पीत होतो. माझ्या पायवर बघितलं तर खरंच नव्हती. रात्री अकराला ती नोंद मी माझ्या डोळ्यांनी ब्लॉकमध्ये गेलेली बघितली होती.

नव्यांसाठी दोन ओळी. आमच्या भिशीची वही तीन रास्पबेरी पाय 4 वर आहे. एक माझ्याकडं शहापुरात, एक दाजींच्या निपाणीच्या दुकानात, एक मामेभावाकडं खानापुरात. मुख्य वही कुणाकडंच नाही, तिघांकडं पूर्ण प्रत. प्रत्येक नोंदीवर ज्याची त्याची सही, प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा, आणि नवा ब्लॉक काढायला नियमात बसणारा ठसा सापडेपर्यंत हॅश घासत बसायचं. एका पायवर माझं पायथन सेकंदाला लाखभर हॅश करतं. मिनिटाला एक ब्लॉक पडावा म्हणून काठिण्य साधारण 1.8 कोटी हॅशला एक ब्लॉक असं बसलंय, आणि दर 20 ब्लॉकनी ते आपोआप जुळवलं जातं.

पहिला संशय दाजींवर, खोटं का बोला. मग सह्या तपासल्या, सगळ्या बरोबर. हॅशची साखळीही कुठं तुटलेली नाही. म्हणजे वहीत कुणी खाडाखोड केली नव्हती, अख्खी वहीच बदलली होती. लॉगमध्ये सकाळी 7.40 ला माझ्या पायनं 528 ब्लॉक टाकून देऊन 662 नवे घेतल्याची ओळ सापडली. आणि त्या नव्या ब्लॉकांची तारीख? जुलै 2036.

खानापूरला फोन लावला. "दादा, रात्री पाऊस लई होता. लाइट गेलती, नेटबी गेलतं. लाइट आली तवा घड्याळ मागं दिसलं, म्हणून तारीख हातानं घातली मी." त्यानं काय टाइप केलं तेही पाठवलं:

```
sudo date -s "2036-07-10 22:30"
```

2026 च्या जागी 2036. पाय 4 ला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नसतं, नेट नसेल तर शेवटी जपून ठेवलेल्या वेळेवर उठतो, त्यामुळं पोराची तारीख बघायची सवय चांगलीच. पण एका आकड्यानं 662 ब्लॉक कसे झाले? तो तर एकटा होता. मी आणि दाजी दोघं मिळून त्याच्या दुप्पट वेगानं घासत होतो. आमचे 528 आणि त्याचे जास्त, हे गणित मला दोन दिवस झोपू देईना.

रविवारी रात्री वहीवर पेनानं मांडलं तेव्हा उलगडलं. काठिण्य जुळवताना माझा कोड शेवटच्या 20 ब्लॉकांना किती वेळ लागला ते बघतो. लागायला पाहिजेत 1,200 सेकंद. मधेच तारीख दहा वर्षं पुढं गेल्यानं त्याला वाटलं, 20 ब्लॉकांना दहा वर्षं लागली! मग त्यानं काठिण्य अडीच लाख पटींहून जास्त उतरवलं. 1.8 कोटीवरून सत्तरच्या आसपास. काठिण्य वाढताना एका वेळी चौपटीच्या वर जाऊ नये असा लगाम मी घातलेला, उतरताना मात्र घातलाच नव्हता. त्यामुळं उतरलं एका झटक्यात आणि चढलं पायरी पायरीनं. दर वीस ब्लॉकला चौपट, अशा आठ पायऱ्या. त्या आठ पायऱ्यांत 160 ब्लॉक पडले, आणि त्या सगळ्यांना मिळून लागली फक्त पाच मिनिटं.

आता मजा बघा. त्या 160 ब्लॉकांना मिळून हॅश किती लागले? जेमतेम 3 कोटी. म्हणजे आमच्या नेहमीच्या दोन ब्लॉकांचंही काम नाही. पण माझा पाय ब्लॉक मोजत होता, काम नाही. फाटा फुटला, म्हणजे एका साखळीच्या दोन झाल्या, की कुठली बाजू खरी मानायची, ते ठरवणारी ओळ माझ्याकडं ही होती:

```python
if len(navi) > len(majhi):
```

"सर्वांत लांब साखळी खरी" हे आपण सगळे घोकतो. 2008 च्या बिटकॉइनच्या मूळ लेखातही शब्द तोच आहे, आणि सुरुवातीचं सॉफ्टवेअरही उंचीच, म्हणजे ब्लॉकांची संख्याच बघायचं. 2010 मध्ये ते बदलून कामाची बेरीज आली. मी हे वाचलेलं होतं, पण शब्दांचा कीस समजून सोडून दिलेलं. खोटी वही लिहिणं महाग पडतं ते ब्लॉकांच्या संख्येमुळं नाही, जाळलेल्या हॅशमुळं. स्वस्त ब्लॉक कितीही रचता येतात. आता असं आहे:

```python
def kaam(s):
    return sum(2**256 // (b.target + 1) for b in s)

if kaam(navi) > kaam(majhi):
```

सोमवारी रात्री शुक्रवारच्या दोन्ही फाट्यांचा डेटा नव्या कोडवर चालवला. आमचा फाटा 641 कोटी, खानापूरचा 322 कोटी. दोन यंत्रं आणि एक यंत्र, तेवढाच फरक! घड्याळानं काहीही थापा मारल्या तरी बेरजेत ते बरोबर उतरलं. दाजींचा हप्ता परत दिसला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, तरी फोन केला. शिव्या खाल्ल्या.

वेळेचे दोन नियम बिटकॉइनमधून जसेच्या तसे उचललेत. ब्लॉकची वेळ मागच्या 11 ब्लॉकांच्या मधल्या वेळेपेक्षा पुढची पाहिजे, आणि आपल्या घड्याळाच्या दोन तासांपेक्षा जास्त पुढची नको. उतरतानाही चौपटीचा लगाम, तोही तिथलाच. आणि टाकून दिलेल्या फाट्यातल्या नोंदी आता परत रांगेत जातात. त्या हवेत सोडणं हा निव्वळ माझा आळस होता.

तिघांसाठी DS3231 घड्याळ मागवणार होतो. DS1307 स्वस्त मिळतं, पण त्याची वेळ उन्हाथंडीनं सरकते, घेऊ नका. (मागच्या वेळी ज्यानं DS3231 सांगून दुसरंच पाठवलं त्याच्याकडून तर मुळीच नाही.) पण हे लिहिताना वाटतंय, एकच मागवावं, खानापूरसाठी. सगळ्यांची घड्याळं नीट असतील या भरवशावर वही चालायची असेल, तर भरवसा परत घड्याळावरच आला. निपाणीचा पाय मुद्दाम बिनघड्याळाचा ठेवतो.

एक गोष्ट मात्र या दुरुस्तीनं सुटत नाही. भाचा म्हणाला, तो सी मध्ये लिहून त्याच्या लॅपटॉपवर सेकंदाला एक कोटी हॅश काढेल. आमचे तिघांचे मिळून तीन लाख. तो एक दिवस-रात्र बसला तर महिन्याभराची साखळी एकटा मागून ओढून नेईल, तीही खऱ्या कामानं, आणि माझी नवी ओळ त्यालाच सलाम करेल. सही नसल्यानं दाजींच्या नावे खोटी नोंद त्याला घालता येणार नाही, पण दाजींची खरी नोंद वगळता येईल. इथेरियम क्लासिकसारख्या चालत्या साखळीवर 2019 आणि 2020 मध्ये असे हल्ले झालेत, मग आमची काय कथा.

पडद्याचं काम म्हणून पुढं ढकललंय. या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन येतोय, त्याला हल्ला करूच देणार. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "कर की. मी तोवर हप्ता कागदावरबी लिहून ठेवतो."