मित्राची वही : जाड रेघांच्या जुजबंदीची नोंद

माझ्या मित्राला मॅक्युलर डिजनरेशनमुळे नजरेच्या मध्यभागी धूसर ठिपका दिसतो; कडेची दृष्टी शाबूत असल्याने तो कागद तिरपा धरून, नजरेच्या कोपऱ्याने अक्षरे टिपत अजूनही हातानेच लिहितो. त्याला वही भेट द्यायची ठरवली तेव्हा माझी अट एकच होती, की ती टेबलावर पडलेली पाहून पाहुण्याला ती 'सोय' वाटू नये, हौसेने बांधलेली वहीच वाटावी. त्यामुळे ती गुपचूप करण्याचा विचार मी सोडून दिला आणि रेघांचे तीन नमुने घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यांवर त्याला औषधांच्या वेळा लिहायला सांगितल्या, कारण तो रोज लिहितो ते तेच.

पहिला नमुना नेहमीच्या 8 मिलिमीटर अंतराचा होता आणि रेघा फक्त गडद केल्या होत्या. त्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत गुंतल्या. दुसऱ्यात अंतर 14 मिलिमीटर आणि रेघ 1.5 मिलिमीटर जाड, ठार काळी होती. अशी रेघ रोमन अक्षरांना बसायला चांगली असते, पण देवनागरी अक्षर रेघेला टांगलेले असते, त्यामुळे शिरोरेषा रेघेतच विरली आणि 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांतला फरक त्याला स्वतःलाच वाचता येईना. ते फरक शिरोरेषेच्या तुटण्याजुळण्यावरच उभे असतात, हे अशा वेळी लक्षात येते. तिसऱ्या नमुन्यात अंतर 16 मिलिमीटर ठेवले आणि रेघ 1 मिलिमीटरची, काळ्याऐवजी गडद निळी केली. काळ्या जाड पेनाची शिरोरेषा तिच्या किंचित खाली ओढली की दोन्ही वेगवेगळ्या दिसतात. हा नमुना त्याने हातातून सोडलाच नाही.

आता आकाराचा प्रश्न आला. उभ्या ए-फाइव्ह पानावर त्याच्या अक्षराचे जेमतेम दोन शब्द मावत होते. म्हणून ए-थ्री कागद लांबीच्या दिशेने दुभागून 420 बाय 148 मिलिमीटरच्या पट्ट्या केल्या आणि त्या मधोमध दुमडून आडवी वही धरली. चार-चार दुमडलेल्या पट्ट्या एकात एक घालून चार जुजे केली, म्हणजे एकूण 64 पृष्ठे. पानावर पहिली रेघ वरून 20 मिलिमीटरवर, मग 16च्या अंतराने आणखी सात, आणि शेवटच्या रेघेखाली 16 मिलिमीटर उरतात. यासाठी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंचा कल, ए-थ्रीच्या आखूड बाजूला समांतर हवा, कारण घडी तिकडेच पडते. माझा पहिला गठ्ठा उलट्या ग्रेनचा निघाला, घडीवर कागद फुटला आणि पाने स्प्रिंगसारखी मिटू लागली.

कागद 120 जीएसएमचा, मळकट पांढरा आणि चकाकी नसलेला घेतला. लेझर प्रिंटरची रेघ दिव्याखाली चमकते आणि नेमकी तिथेच त्याची नजर अडखळते, म्हणून रंगद्रव्याच्या शाईचा इंकजेट वापरला. दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींवर तंतोतंत आल्या पाहिजेत, नाहीतर मागची रेघ पुसट झिरपून दोन ओळींमध्ये तिसरी ओळ दिसते. पान खिडकीवर धरले की चूक लगेच कळते.

ओळ कुठे संपते हे त्याला दिसत नाही आणि पेन सरळ टेबलावर जाते. त्यासाठी बाहेरच्या कडेपासून 10 मिलिमीटरवर हाडाच्या पट्टीने उभी खाच दाबली. उजव्या पानावर पेन त्या खाचेत अडते, आणि त्याच पानाच्या पाठीवर ती खाच उंचवटा होऊन ओळ कुठून सुरू करायची ते बोटाला सांगते. हे असे जमून येईल हे मी आधी ठरवले नव्हते! खाच मात्र जुजे दाबाखालून काढल्यावरच पाडावी. मी आधी पाडल्या तेव्हा प्रेसने त्या पार सपाट केल्या.

शिलाई कॉप्टिक, म्हणजे कण्यावर गोंद न लावता जुजे साखळी टाक्याने एकमेकांना जोडणारी केली, कारण वही पूर्ण सपाट उघडली नाही तर आतल्या कडेची अक्षरे वळणात बुडतात. मुखपृष्ठाला गडद हिरवे कापड लावले. ब्रेल त्याला येत नाही, तेव्हा ते नुसते शोभेसाठी ठोकणे मला लाजिरवाणे वाटले. वहीची वरची बाजू कळावी म्हणून कापडाखाली कोपऱ्याजवळ पुठ्ठ्याची 1 मिलिमीटर जाड, बोटभर लांब पट्टी चिकटवली. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते.

तीन आठवड्यांत त्याने एकवीस पाने लिहिली आहेत. त्याची तक्रार एकच : शेवटच्या ओळीवर लिहिताना तळहात वहीबाहेर लोंबतो आणि अक्षर हलते. दुसऱ्या वहीत सातच रेघा ठेवून खालची जागा 32 मिलिमीटर करणार आहे.