रिपोर्टमधली सात मिनिटं

नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं निदान व्हायला मला पावणेतीन वर्षं लागली. त्यातलं जवळजवळ दीड वर्ष एका कागदावरच्या एका आकड्यामुळे गेलं, आणि तो आकडा पहिल्यापासून माझ्याच फायलीत होता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी सांगलीला एका पतसंस्थेत काम करते. तेवीस वर्षांची असताना दुपारची झोप सुरू झाली. जेवणानंतर सगळ्यांना येते ती सुस्ती ही नव्हे. व्हाउचर लिहिता लिहिता हात चालू राहायचा, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं खाली घसरायचं आणि मधली पाच मिनिटं आठवायचीच नाहीत. दहा-पंधरा मिनिटं झोप झाली की एकदम टवटवीत वाटायचं, दोन तासांनी पुन्हा तेच.

मग हसण्याचं सुरू झालं. मामाने काहीतरी गंमत सांगितली, मी हसले आणि जबडा सैल पडला, मान पुढे गेली, गुडघ्यातलं बळच गेलं. हातातल्या चहाच्या ट्रेसकट खाली बसले. अर्ध्या मिनिटात उठलेही. "हिला फिट आली," असं आई म्हणाली, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दावर चाललं. ईईजी, एमआरआय, दोन्ही नॉर्मल. पण मला पडल्यावर सगळं ऐकू येत होतं. मामा "पाणी आणा" म्हणाला, वहिनीने पंखा वाढवला, मला शब्द न् शब्द सांगता येत होता. बेशुद्ध पडणाऱ्या फिटमध्ये हे होत नाही. हे मला पहिल्याच दिवशी ठामपणे सांगायला हवं होतं. तुमच्या घरात कोणी असं पडत असेल, तर उठल्यावर लगेच विचारा, मधलं काय काय ऐकलं. आणि शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. माझ्या भावाने घेतलेल्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओने पुढे खूप काम केलं.

आता त्या कागदाबद्दल. झोप फार येते म्हणून आमच्याच भागातल्या एका स्लीप लॅबमध्ये रात्रीची तपासणी झाली. डोक्याला, छातीला वायरी लावून झोपायचं. सकाळी सहाला टेक्निशियनने वायरी काढल्या आणि घरी जायला सांगितलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की घोरणं नाही, श्वास थांबत नाही, अभ्यास सामान्य. म्हणजे झोपेत श्वास अडकतो का, एवढंच पाहिलं होतं. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन मी पुढच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी नैराश्य ठरवून एस्सिटालोप्राम सुरू केली. घरातही सगळ्यांचं तेच मत झालं, की मशीननं सांगितलंय, झोपेचं काही नाही, हिनं मनाला लावून घेतलंय.

गोळीने एक विचित्र गोष्ट झाली. झोप तशीच राहिली, पण हसल्यावर पडणं कमी झालं. कोणाला त्यात काही वाटलं नाही. खरं तर तीच मोठी खूण होती.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी ती पकडली. त्यांनी व्हिडिओ पाहिला, मग जुना रिपोर्ट उलटून तिसऱ्या पानावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. तिथे "रेम लेटन्सी" यापुढे सात मिनिटं असं छापलेलं होतं. "हे कोणी पाहिलं नाही?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. निरोगी माणूस आधी साध्या झोपेत उतरतो आणि स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, साधारण दीड तासाने पोचतो. मी सात मिनिटांत पोचले होते. रेममध्ये मेंदू अंगाचे स्नायू ढिले सोडतो, म्हणजे स्वप्नात धावलो तरी पाय अंथरुणातच राहतात. हा ढिलेपणा जागेपणी, भान शाबूत असताना आला की त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, आणि हसणं हे तिचं सर्वात नेहमीचं निमित्त. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात थोड्या पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन बनवतात. जाग टिकवणं आणि रेमला वेळेआधी आत येऊ न देणं, हे त्याचं काम. माझ्यासारख्यांच्या त्या पेशी बहुतेक नष्ट झालेल्या असतात, बहुधा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच केलेल्या चुकीमुळे. त्यामुळे जाग आणि झोप यांच्यातलं कुंपण मोडतं. दिवसा झोप आत घुसते, रात्री जाग घुसते. मी रात्रीतून सात-आठ वेळा उठायचे, तरी सगळे म्हणायचे ही फार झोपते.

तो आकडा संशयाला पुरेसा होता, पण निदान पक्कं करताना सहसा नुसत्या रात्रीच्या तपासणीवर थांबत नाहीत. तिच्या दुसऱ्या दिवशी दिवसाची तपासणी, एमएसएलटी, करतात. पहिल्या लॅबने ती केलीच नव्हती, मला सहालाच घरी पाठवलं होतं. म्हणून लॅब ठरवताना आधी फोन करून विचारा, रात्रीनंतर दिवसाची तपासणीही करता का. "नाही" म्हणाले तर तिथे पैसे घालवू नका.

इथे आणखी एक अडचण आली. एस्सिटालोप्राम रेमला दाबते, गोळी चालू असताना ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. मॅडमनी ती हळूहळू कमी केली आणि पूर्ण बंद झाल्यावर दोन आठवडे थांबायला लावलं. ते दोन आठवडे वाईट गेले. गोळीने दाबलेलं पडणं दुपटीने परत आलं, दिवसातून चार-पाच वेळा. आई मला एकटीला मोरीतही जाऊ देईना. गोळी स्वतःहून कधीच तोडू नका. आणि रजा घ्यायची असेल तर ती याच दिवसांत घ्या, तपासणीच्या दिवसासाठी वाचवू नका. त्या दोन आठवड्यांत झोपायच्या आणि उठायच्या वेळांची वहीही लिहायची होती, म्हणजे दिवसाची झोप जागरणामुळे नाही हे दाखवता येतं.

तपासणी सोपी गेली. रात्री झोप, सकाळी नऊपासून दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत डुलकीची संधी, अशी पाच वेळा. मधल्या वेळात जागं राहायचं आणि चहा अजिबात नाही. मी अनुक्रमे तीन, दोन, चार, दोन आणि पाच मिनिटांत झोपले, म्हणजे सरासरी सव्वातीन मिनिटांच्या आसपास. आठ मिनिटांपर्यंतची सरासरी या आजाराच्या बाजूने धरतात. पाचांपैकी चार वेळा मी रेममध्ये गेले, दोन वेळा पुरेशी असते.

आता जागं राहायला सकाळी मोडाफिनिल घेते, पडणं थांबावं म्हणून व्हेनलाफॅक्सीन. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बायकांनी डॉक्टरांना आठवणीने विचारावं. स्कूटर सध्या बंद आहे. दुपारी दीडला रेकॉर्ड रूममध्ये वीस मिनिटं झोपते. मॅनेजर साहेबांना रिपोर्ट दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतः तिथे सतरंजी ठेवून घेतली. मामा आला की मी आधी खाली बसते, मग त्याची गंमत ऐकते.

जुना रिपोर्ट मी त्या पहिल्या लॅबमध्ये घेऊन गेले होते. तिसऱ्या पानावरच्या सात मिनिटांखाली लाल पेनने रेघ मारली आणि काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, हे डॉक्टरांपर्यंत पोचवा. त्याने झेरॉक्स काढून ठेवली.